बाबांच्या वर्कशॉपसाठी पहिली नोकरी सोडताना: राजीनाम्याच्या पत्रातल्या दोन ओळी

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मेंटेनन्सचा एक पोरगा माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. इलेक्ट्रिकल इंजिनियर, कॉलेजातून थेट आमच्याकडे ट्रेनी म्हणून आलेला, अडीच वर्षं झालेली. "सर, पेपर टाकायचा आहे. घरचा धंदा पाहायचा आहे." हातात पत्र होतं. दीड पान. त्यात बाबांचे गुडघे होते, मोठ्या बाबांचं वय होतं, कंपनीने शिकवलेल्या मूल्यांबद्दल एक परिच्छेद होता आणि शेवटी 'लवकरात लवकर मुक्त करावे' अशी विनंती होती. तारीख कुठेच नव्हती.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. नागपुरात घरच्या धंद्यासाठी नोकरी सोडणारी पोरं दरवर्षी येतात. कुणाची इतवारीत होलसेलची पेढी असते, कुणाची काटोलकडे संत्र्याची बाग, कुणाचं हिंगण्याला फॅब्रिकेशन. त्यांची पत्रं बहुतेक एकाच साच्यातली असतात, कारण ती नेटवरून उतरवलेली असतात. तो साचा दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्यासाठी बनलेला आहे. धंद्यात जाणाऱ्याची अडचण वेगळी असते, ती त्या साच्यात मावत नाही.

त्या पोराचं पत्र आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं. ते कसं लिहिलं तेच इथे सांगतो. त्याच्या बाबांचं आणि मोठ्या बाबांचं हिंगण्याला मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे: कारखान्यांच्या मोटरी, शेतीचे पंप, उन्हाळ्यात कूलरचे पंप आणि पंख्यांच्या मोटरी. नागपूरचा उन्हाळा म्हणजे त्यांची दिवाळी. होळीनंतर काम वाढतं आणि पावसाळा लागेपर्यंत वाइंडरला मान वर करायला फुरसत नसते. पाडव्याला, म्हणजे 19 मार्च 2026 ला, पोराने वर्कशॉपात बसायचं असं घरी ठरलं होतं. ती तारीख गाठायची कशी, हा खरा प्रश्न होता. पत्र त्यासाठीच लिहायचं होतं.

लेखणी उचलण्याआधी नेमणूकपत्र

पहिलं काम घरी जाऊन नेमणूकपत्राची फाइल काढणं. पगाराचं पान नाही, मागची बारीक अक्षरातली पानं. तिथे चार गोष्टी शोधायच्या: नोटीस किती, ती दिवसांत आहे की महिन्यांत, नोटीस कमी पडली तर कापणी बेसिकवर की ग्रॉसवर, आणि कुठला बाँड आहे का.

दिवस आणि महिने यातला फरक पोरं सोडून देतात. त्याच्या नेमणूकपत्रात '60 दिवस' होतं. 'दोन महिने' असतं तर शेवटचा दिवस एखाद-दोन दिवस अलीकडे आला असता. ट्रेनी असताना एक नोटीस आणि कायम झाल्यावर दुसरी, असंही असतं. तेव्हा कायम केल्याचं पत्र मिळालं असेल तर तेही काढा. नोटीसची मुदत बरेचदा त्यात बदललेली असते आणि पोराच्या डोक्यात जुनीच बसलेली असते.

बाँडबद्दल एक गैरसमज आहे, की घरच्या धंद्यासाठी जातोय म्हटल्यावर कंपनी तो सोडून देते. बाँड तुम्ही कुठे जाताय हे विचारत नाही, किती दिवस राहिलात हे विचारतो. आणि बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही, हेही आता बोलू नये. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचा बाँड वैध ठरवला. प्रत्येक बाँड त्या मापाने टिकेलच असं नाही. कंपनीचा प्रशिक्षणावर आणि भरतीवर खरंच किती खर्च झाला, मागितलेली रक्कम त्याला धरून आहे का, हे पाहिलं जातं. पण बाँडची मुदत संपायला दोनच महिने उरले असतील तर पेपर दोन महिन्यांनी टाकणं हाच स्वस्त उपाय आहे. आमच्या पोराचा दोन वर्षांचा बाँड संपून सहा महिने झाले होते, म्हणून तो प्रश्न आला नाही.

तारीख: पत्रातली पहिली खरी ओळ

आता हिशोब. पत्र सोमवारी, 2 फेब्रुवारीला दिलं. बहुतेक ठिकाणी पत्र दिल्याचा दिवस मोजत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून एक धरतात. म्हणजे 3 ते 28 फेब्रुवारी हे 26 दिवस, मार्चचे 31 मिळून 57, आणि एप्रिलचे तीन. साठावा दिवस 3 एप्रिल, शुक्रवार. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. शेवटचा दिवस सुट्टीवर आला तर नो ड्यूजच्या सह्या आदल्या दिवशीच घ्याव्या लागतात. हे आधी पाहिलं नाही की पोरगा सोमवारी पुन्हा गेटवर येतो आणि सिक्युरिटी त्याला आत सोडत नाही, कारण कार्ड बंद झालेलं असतं.

पाडव्याला वर्कशॉपात बसायचं तर कंपनीतला शेवटचा दिवस 18 मार्च. तोवर भरतात फेब्रुवारीचे 26 आणि मार्चचे 18, एकूण 44 दिवस. कमी पडतात 16.

हे 16 दिवस पैशात किती? त्याचा ग्रॉस पगार 36,000, बेसिक 18,000. नेमणूकपत्रात कापणी बेसिकवर असेल तर 18,000 भागिले 30, म्हणजे दिवसाला 600 आणि 16 दिवसांचे 9,600. ग्रॉसवर असेल तर दिवसाला 1,200 आणि एकूण 19,200. काही कंपन्या 30 ऐवजी 26 ने भागतात, मग आकडा वाढतो. बाबांशी तारीख ठरवण्याआधी हा आकडा पोराला माहीत हवा. नाहीतर फुल अँड फायनलचा कागद हातात पडल्यावर घरी बोलणी होतात, आणि धंद्यातला पहिलाच महिना त्या बोलण्यांत जातो.

इथे शिल्लक रजेचा उपयोग होतो, आणि तो पत्रातच मागावा लागतो. त्याच्या नावावर 11 अर्न्ड लीव्ह शिल्लक होत्या. त्या नोटीसमध्ये वळत्या केल्या तर कमी पडतात फक्त 5 दिवस. त्याच्या बाबतीत कापणी ग्रॉसवर होती आणि रजेचे पैसे बेसिकवर मिळणार होते. हा फरक नीट पाहा. रजेचे पैसे घेतले असते तर 11 गुणिले 600, म्हणजे 6,600 मिळाले असते, आणि 19,200 कापले गेले असते. म्हणजे खिशातून 12,600 गेले असते. रजा वळती केली तर 5 दिवसांचे 6,000 जातात, बस. एकाच वाक्याच्या विनंतीने 6,600 वाचले. दोन्हीकडे बेसिकच असतं तर फरक शून्य. मग रजा वळती करा की पैसे घ्या, सारखंच.

पण रजा वळती करणं वेगळं आणि नोटीसच्या काळात रजा घेणं वेगळं. नोटीसमध्ये घेतलेली रजा बहुतेक कंपन्या शेवटच्या दिवसापुढे जोडतात. फेब्रुवारीत मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस अमरावतीला गेलात, तर ते चार दिवस एप्रिलमध्ये भरावे लागतील.

कापणीच्या रकमेवर कुणी 18 टक्के जीएसटी दाखवला तर तो काढून घ्यायला सांगा. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

मग पत्रात तारीख कशी लिहायची? दोन्ही तारखा लिहायच्या. आधी नियमाप्रमाणे येणारी, मग मागितलेली. फक्त 18 मार्च लिहिली तर मॅनेजरला वाटतं पोरगा नियम मोडून चालला. फक्त 3 एप्रिल लिहिली आणि 'लवकर सोडा' असं तोंडी सांगितलं, तर ते तोंडीच राहतं. मॅनेजर 'हो, पाहू' म्हणतो आणि त्याची मार्चएंडची कामं सुरू होतात. दोन्ही तारखा कागदावर असल्या की एचआरला कुठल्या तरी एका तारखेवर सही करावीच लागते.

कारण: पत्रातली दुसरी खरी ओळ

नेटवरचा साचा म्हणतो 'वैयक्तिक कारणास्तव'. दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्याला ते ठीक आहे. धंद्यात जाणाऱ्याने तसं लिहिलं की एचआरच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, कुठे लागला? मग मॅनेजर बोलावतो, पगार वाढवतो म्हणतो, पुण्याच्या प्लांटला पाठवतो म्हणतो. जी बोलणी कुठेच जाणार नाहीत त्यात दहा दिवस जातात. आणि तुमच्या 44 दिवसांतले दहा म्हणजे थोडे नव्हेत.

बाबांच्या तब्येतीचं लिहिणारेही असतात. तब्येत खरीच खराब असेल, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण ते पत्रात आलं की कंपनीकडे त्यावर तयार उत्तर असतं: बिनपगारी रजा घे, महिनाभर जा, बाबा बरे झाले की ये. उत्तर चांगुलपणाचं असतं, म्हणून नाही म्हणताना पोरगा अडकतो. मग म्हणतो, नाही सर, तब्येत बरी आहे, पण... तिथून पुढे त्याच्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही.

तिसरा प्रकार उलटा. काही पोरं 'घरचा धंदा' हे निमित्त म्हणून वापरतात आणि जातात दुसऱ्याच कंपनीत. लवकर सुटका मिळते म्हणून. पुढे नव्या कंपनीत पार्श्वभूमी तपासणी होते, पीएफच्या नोंदीत नव्या मालकाची तारीख दिसते आणि खोटं उघडं पडतं. या लोकांमुळे खरं सांगणाऱ्यालाही एचआर कधीकधी पुरावा मागतं: गुमास्ता, उद्यम प्रमाणपत्र किंवा जीएसटी नोंदणी. मागितलं तर रागावू नका, दाखवा. पण मागण्याआधी पत्राला जोडू नका. राजीनाम्याला जोडपत्रं लावली की तो अर्ज वाटायला लागतो.

म्हणून कारण एका वाक्यात आणि नेमकं लिहायचं. धंदा कोणता, कुठे, तुम्ही त्यात कधीपासून. 'कौटुंबिक व्यवसाय' एवढंच लिहिलं तर ते 'वैयक्तिक कारण' सारखंच हवेत राहतं. 'हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपात 19 मार्चपासून पूर्णवेळ काम पाहणार आहे' असं लिहिलं की पगारवाढीची बोलणी सुरूच होत नाहीत. स्वतःच्या वर्कशॉपाशी कुठली कंपनी पगारात बरोबरी करणार?

धंदा कंपनीच्याच ओळीतला असेल तर

आमच्या पोराच्या बाबतीत नाजूक भाग इथे होता. तो मेंटेनन्समध्ये होता. जळालेल्या मोटरी बाहेर रिवाइंडिंगला पाठवायच्या, दर मागवायचे, आलेली मोटर तपासून घ्यायची, हे त्याच्या टेबलावरून जायचं. म्हणजे उद्या तो ज्या धंद्यात बसणार, त्याच धंद्यातल्या लोकांचे दर त्याने दोन वर्षं पाहिले होते.

नोकरी सोडल्यानंतर तोच व्यवसाय करायचा नाही, अशी अट नेमणूकपत्रात असली तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे ती सहसा टिकत नाही. पोटापाण्याचा धंदा करण्यापासून कुणाला असं अडवता येत नाही. पण कंपनीची गुपितं बाहेर न नेण्याची अट वेगळी, ती टिकते. आणि नोकरी चालू असेपर्यंत दुसरा धंदा न करण्याची अटही टिकते. नोटीसच्या 44 दिवसांत तुम्ही नोकरच असता, हे पोरं विसरतात.

त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, भागीदारीची. मोठे बाबा म्हणाले होते, चांगला दिवस पाहून भागीदारीचा करार करून टाकू. दिवस निघाला मार्चचा पहिला आठवडा. मी म्हटलं, 18 नंतर करा. शेवटच्या दिवसाआधीच्या तारखेचा भागीदारी करार, जीएसटी नोंदणीत भागीदार म्हणून नाव, वर्कशॉपाच्या लेटरहेडवर तुमच्या सहीचं कोटेशन, यातलं काहीही पुढे कुणी काढलं तर रिलिव्हिंग लेटर अडकायला कारण मिळतं. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहेच, मोठ्या बाबांनाही ते पटलं.

दुसरी, वहीची. प्रत्येक वाइंडर आणि मेंटेनन्सवाला एक वही ठेवतो. मोटर उघडली की जुन्या वाइंडिंगचे टर्न्स मोजायचे, तारेचं गेज पाहायचं, कॉइलचं पिच आणि कनेक्शन उतरवायचं. पुढच्या वेळी तीच मोटर जळली तर हाताशी असतं. त्या पोराचीही अशी वही होती, दोन वर्षांची, त्याच्याच अक्षरात. त्याला वाटत होतं ती आपली. ती त्याची नव्हती. कंपनीच्या मशीनची माहिती कंपनीच्या वेळेत उतरवलेली होती. त्याने ती हस्तांतरणात दिली आणि तसं यादीत लिहिलं. गेज कसं मोजायचं, वार्निश किती वेळ भाजायचं, हे हातात आलेलं कसब त्याचं आहे, ते कुणी काढून घेत नाही. रेट लिस्ट, ड्रॉइंग, व्हेंडरचे फोन हे मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. राजीनामा दिल्यावर कंपनी मागच्या महिन्यांचे बाहेर गेलेले मेल पाहते. आम्ही पाहायचो.

पत्रात यासाठी एक वाक्य पुरतं: वर्कशॉप कंपनीचा पुरवठादार आहे की नाही ते सांगायचं, आणि कंपनीची कागदपत्रं-माहिती परत करून जातो म्हणायचं. काही वर्षांपूर्वीच्या एका पोराचं याच वाक्यामुळे काम झालं होतं. त्याचं घरचं फॅब्रिकेशन होतं आणि वर्षभराने आमच्याच परचेसने त्याच्याकडे कोटेशन मागितलं. व्हेंडर नोंदणीच्या फॉर्मवर 'कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्याशी संबंध' असा रकाना असतो. त्याने हो लिहिलं, ऑडिटवाल्याने प्रश्न काढला, आणि त्याच्या फायलीतल्या राजीनाम्यात वर्कशॉपाचं नाव-गाव आधीच असल्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

पत्र

कंपनीत मेल इंग्रजीतच जातो. तरी मी आधी मराठीत लिहायला लावतो. इंग्रजीत बसलं की तयार वाक्यं हाताशी येतात आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्यात हरवतं. मराठीत मसुदा पक्का झाला की इंग्रजी करायला दहा मिनिटं लागतात.

> विषय: राजीनामा, कर्मचारी क्रमांक (…), मेंटेनन्स विभाग
>
> दिनांक: 2 फेब्रुवारी 2026
>
> प्रति, विभागप्रमुख, मेंटेनन्स
> प्रत: मनुष्यबळ विभाग
>
> महोदय,
>
> मी कनिष्ठ अभियंता, मेंटेनन्स, या पदाचा राजीनामा देत आहे.
>
> नेमणूकपत्रातील 60 दिवसांच्या नोटीसप्रमाणे माझा शेवटचा दिवस 3 एप्रिल 2026 येतो. मला 18 मार्च 2026 रोजी कामाच्या वेळेनंतर मुक्त करावे, अशी विनंती आहे. कमी पडणाऱ्या 16 दिवसांत माझ्या शिल्लक 11 अर्न्ड लीव्ह वळत्या कराव्यात आणि उरलेल्या 5 दिवसांची वसुली अंतिम हिशोबात करावी.
>
> हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कुटुंबाच्या मोटर रिवाइंडिंग वर्कशॉपमध्ये मी 19 मार्चपासून पूर्णवेळ काम पाहणार आहे. हे वर्कशॉप सध्या कंपनीचे पुरवठादार नाही. माझ्याकडील कंपनीची सर्व कागदपत्रे, नोंदी आणि माहिती मी जाण्यापूर्वी परत करीन.
>
> माझ्याकडील कामांची यादी 6 फेब्रुवारीपर्यंत देतो आणि ज्यांच्याकडे ती सोपवायची त्यांना मुक्त होईपर्यंत दाखवून देईन.
>
> राजीनामा स्वीकारल्याचे आणि मुक्त होण्याच्या तारखेचे लेखी उत्तर मिळावे.
>
> इथे मला 11 केव्हीच्या सबस्टेशनवर काम करायला मिळाले, त्याबद्दल आपले आणि शिफ्टमधील सहकाऱ्यांचे आभार.
>
> आपला,
> (सही, नाव, वैयक्तिक मोबाइल आणि ईमेल)

दोन-तीन शब्दांवर थांबतो. 'राजीनामा देत आहे' लिहा. 'देऊ इच्छितो' किंवा 'देण्याचा विचार आहे' याने नोटीसचे दिवस सुरू झाले की नाही यावर वाद घालता येतो, आणि मी तो वाद कंपनीच्या बाजूने घातलेला आहे. आभाराची ओळ एकच, आणि खरी. त्या पोराने आधी 'व्यावसायिक प्रगतीच्या अमूल्य संधी' लिहिलं होतं. मी विचारलं, इथे काय शिकलास? म्हणाला, सबस्टेशन. मग तेच लिही म्हटलं. तक्रार मात्र या पत्रात एकही नको. ओव्हरटाइमचं दुखणं असेल तर एक्झिट मुलाखतीत सांगा, कारण हे पत्र तुमच्या फायलीत कायम राहतं.

खाली वैयक्तिक मोबाइल आणि ईमेल विसरू नका. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो आणि त्यानंतरचे सगळे कागद तुम्हाला याच पत्त्यावर येणार असतात.

देण्याचा क्रम

आधी घर. मोठे बाबा भागीदार असतील तर त्यांना पत्र जाण्याआधी कळलं पाहिजे, गेल्यावर नाही. कंपनीतून कुणी फोन करून 'पोरगा खरंच येतोय का' असं विचारलं आणि मोठे बाबा 'मला तर माहीत नाही बाप्पा' म्हणाले, की संपलं. असं झालेलं मी पाहिलं आहे.

मग मॅनेजर, समोरासमोर, पाच मिनिटं. "सर, मी आज राजीनामा देतोय. बाबांच्या वर्कशॉपात बसणार आहे, 18 मार्चपर्यंत आहे, मेल तासाभरात पाठवतो." बस, एवढंच. तोंडी सांगून मेल पुढच्या आठवड्यावर ढकलला तर दिवस मोजायला सुरुवात पुढच्या आठवड्यातच होते, आणि प्लांटभर बातमी मात्र आजच पसरते.

मेल त्याच दिवशी, मॅनेजरला, प्रत एचआरला. कंपनीत एचआरचं पोर्टल असेल तर तिथेही त्याच दिवशी नोंद करा. अनेक ठिकाणी सिस्टिम पोर्टलवरची तारीखच धरते, मेलची नाही. पाठवलेल्या मेलची छापील प्रत घरी न्या. आठवड्यात लेखी उत्तर आलं नाही तर त्याच मेलला जोडून आठवण करा, नवा मेल उघडू नका. आमच्या पोराला नवव्या दिवशी उत्तर आलं, 18 मार्च मान्य.

शेवटचा आठवडा

नो ड्यूजचा कागद विभागाविभागातून फिरतो आणि अडकतो तो नेहमी स्टोअरमध्ये. मेंटेनन्सवाल्याच्या नावावर क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, टूलकिट, कधी मेगर चढलेलं असतं. ते दोन वर्षांपूर्वी शिफ्टमधल्या कुणाला तरी दिलेलं असतं आणि आता कुणाला आठवत नसतं. मेगर हरवलं की वसुली मोठी होते. म्हणून राजीनामा दिल्याच्या आठवड्यातच स्टोअरमधून आपल्या नावावरची यादी काढून घ्या, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

गटविम्याचं कव्हर शेवटच्या दिवशी संपतं, आणि बरेचदा आईबाबाही त्यातच असतात. घरच्या वर्कशॉपात असं कव्हर नसतं. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे एचआरला फेब्रुवारीतच विचारा आणि अर्ज कव्हर चालू असतानाच करा.

रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र कशाला, मी कुठे नोकरी शोधतोय, असं पोरं म्हणतात. पुढे वर्कशॉपासाठी बँकेत कर्ज मागताना तुमचा अनुभव विचारला जातो. एमबीएला जायचं ठरलं तर विचारला जातो. धंदा जमला नाही तरही विचारला जातो. दोन्ही पत्रांवर नाव, पद आणि तारखा नेमणूकपत्राशी जुळतात का, तेवढं तिथेच उभं राहून पाहा.

पैशांचं सांगायचं तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. कंपन्यांची जुनी सवय महिना-दीड महिन्याची आहे. दोन दिवसांत आलं नाही तर लेखी विचारा, संहितेचा उल्लेख करून, सौम्य शब्दांत. अडीच वर्षांत ग्रॅच्युइटी मिळत नाही, कायम नोकरीत त्यासाठी पाच वर्षं सलग सेवा लागते.

राहिला पीएफ. वर्कशॉपात वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ बंधनकारक नाही, म्हणजे जुनं खातं वळतं करायला नवं खातंच नसतं. काढून टाकायची घाई करू नका. पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेली रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर पॅन दिलेला असतानाही 10 टक्के टीडीएस कापला जातो. खातं तसंच ठेवलं तर व्याज चालू राहतं. मात्र नोकरी सोडल्याची तारीख त्यात चढली पाहिजे. ती कंपनीने चढवायची असते आणि नेमकी तीच राहून जाते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबा. मार्चची वर्गणी शेवटची असेल तर जूनमध्ये यूएएनने लॉगिन करून नोंद पाहा. तारीख रिकामी असेल तर `Manage` मध्ये `Mark Exit` आहे, तिथे आधारच्या ओटीपीने ती स्वतःच भरता येते. रिलिव्हिंग लेटरवरची तारीख भरा, एक दिवसही इकडेतिकडे नको.